कोकणातल्या प्लॉटची जाहिरात वाचताना: वाच्यार्थ, सूचितार्थ, मिथक आणि त्यावरचा निबंध

उन्हाळा आला की मुंबई-पुण्याच्या मराठी पेपरांच्या पुरवण्यांत कोकणातल्या प्लॉटच्या जाहिराती दिसायला लागतात. मास मीडियाच्या मुलांना छापील जाहिरातीचं चिन्हमीमांसक विश्लेषण, म्हणजे तिच्यातल्या चिन्हांतून अर्थ कसा घडतो याची उकल, लिहायचं असतं, तेव्हा ती बहुतेक वेळा अत्तराची नाहीतर गाडीची जाहिरात निवडून आणतात. मी त्यांना ही प्लॉटची घ्यायला लावतो. रत्नागिरी-चिपळूणकडच्या मुलाला अत्तराच्या जाहिरातीतलं पॅरिस पुस्तकात शोधावं लागतं, कोकण मात्र दाराबाहेरच असतं. जाहिरातीतलं कोकण आणि दाराबाहेरचं कोकण यांच्यात जी फट असते, तिथेच या निबंधाचा खरा ऐवज सापडतो.

इथे नमुन्यासाठी घेतलेली जाहिरात मी शिकवण्यासाठी स्वतः रचलेली आहे, कुठल्याही एका बिल्डरची नाही. तिच्यातली प्रत्येक वस्तू मात्र तुम्ही कधी ना कधी छापलेली पाहिली असेल.

अर्धं पान, रंगीत. जांभ्या दगडाचं, गिलावा नसलेलं घर, वर मंगलोरी कौलं. पुढे सारवलेलं खळं आणि तुळशीवृंदावन. पायरीवर नऊवारी लुगड्यातली एक म्हातारी बाई बसली आहे. तिच्या शेजारी पितळी तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा. डावीकडून सात-आठ वर्षांचा एक मुलगा तिच्याकडे धावतो आहे. त्याची पाठ आपल्याकडे, पायात स्पोर्ट्स शूज. उजव्या कोपऱ्यात पेंढ्यात ठेवलेल्या आंब्यांची लाकडी पेटी. मागे हिरवागार डोंगरउतार आणि माडांच्या फटीतून समुद्राची निळी रेघ. वर मोठ्या अक्षरांत: ‘कोकण तुमची वाट बघतंय.’ त्याखाली: ‘परत या, आपल्या मातीत.’ खाली लहान अक्षरांत: ‘एनए प्लॉट, स्वतंत्र सातबारा, हापूसची कलमं लावलेली, केअरटेकरची सोय.’ अगदी तळाला महारेराचा नोंदणी क्रमांक, क्यूआर कोड आणि मुंगीएवढ्या अक्षरांत ‘छायाचित्र प्रातिनिधिक आहे.’

पहिलं काम: दिसतं ते लिहून काढणं

ही पद्धत फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याची. त्याचा मिथकांवरचा संग्रह १९५७ मध्ये आला आणि १९६४ मध्ये त्यानं पांझानी नावाच्या पास्त्याच्या एका जाहिरातीवर लेख लिहिला. त्यात बाजाराची जाळीदार पिशवी आहे, तिच्यातून पास्त्याची पाकिटं, डबा, टोमॅटो, कांदे, मिरच्या बाहेर डोकावताहेत. एवढ्याशा चित्रातून त्यानं तीन संदेश वेगळे काढले: शब्दांचा, नुसत्या दिसणाऱ्या वस्तूंचा आणि त्या वस्तूंतून सुचणाऱ्या अर्थाचा. आपण तीच वाट धरायची.

डिनोटेशन म्हणजे वाच्यार्थ. एका कागदावर जाहिरातीतल्या वस्तूंची यादी करा आणि एक नियम कडक पाळा: भावना किंवा मूल्य सांगणारं एकही विशेषण नको. ‘प्रेमळ आजी’ लिहिलंत की तुम्ही पुढच्या पायरीवर उडी मारलीत. चित्रात फक्त एक म्हातारी बाई आहे. ती त्या मुलाची आजी आहे असं कुठेही छापलेलं नाही, ते नातं तुम्ही जोडलंत. का जोडलंत, हा प्रश्न पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून तो बाजूला टिपून ठेवा.

वस्तूंबरोबर मांडणीही टिपा. कॅमेरा कुठल्या उंचीवर आहे, कोण कुणाकडे बघतंय, उजेड कुठून येतो, कुठलं अक्षर किती मोठं आहे. आपल्या चित्रात कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, खळ्याच्या कडेला. बाई मुलाकडे बघत नाही, त्याच्या डोक्यावरून थेट कॅमेऱ्याकडे बघते. या एका नोंदीवर पुढे निम्मा निबंध उभा राहील, आणि घाईत यादी करणाऱ्यांची नेमकी हीच नोंद सुटते.

यादी झाली की वस्तू एकमेकींशी ताडून बघा. पेटीत पिकलेले आंबे, म्हणजे एप्रिल किंवा मे. मागचा डोंगर मात्र हिरवागार. मे महिन्यात आपला सडा, म्हणजे कातळाचं पठार, कसा दिसतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको: गवत करपून पिवळं झालेलं आणि कातळ उघडा. ती हिरवळ पाऊस पडल्यावरची, आणि तोवर हापूसचा हंगाम उरकलेला असतो. म्हणजे या एका फोटोत दोन ऋतू आहेत. पुण्यातल्या वाचकाला हे खटकणार नाही, देवगडच्या वाचकाला पहिल्या नजरेत खटकेल. अजून अर्थ लावू नका, फक्त लिहून ठेवा.

इथे एक मर्यादाही ध्यानात असू द्या. अर्थाचा स्पर्श न झालेला कोरा वाच्यार्थ असा काही नसतोच. ‘कौलं’ हा शब्द लिहितानाही आपण हजार गोष्टींतून एक निवडलेली असते. बार्थनं स्वतः १९७० पर्यंत आपली भूमिका बदलली होती. वाच्यार्थ हा पहिला अर्थ नसून पहिला असल्याचा आव आणणारा अर्थ आहे, असं तो म्हणू लागला. तरी यादी करायचीच, कारण तिच्याशिवाय पुढचे दावे हवेत राहतात.

दुसरं काम: सुचतं ते, आणि ते कशामुळे सुचतं

कनोटेशन, म्हणजे सूचितार्थ, लिहिताना मुलं हमखास कोशातल्यासारखे अर्थ देतात. लाल म्हणजे प्रेम, हिरवा म्हणजे निसर्ग, पांढरा म्हणजे शांती. असा अर्थ कुठल्याही जाहिरातीला चिकटवता येतो, म्हणून तो या जाहिरातीबद्दल काहीच सांगत नाही. आपलं वाक्य असं झालंय का हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: हेच वाक्य साबणाच्या जाहिरातीवरच्या निबंधात खपेल का? खपत असेल तर खोडा.

त्याऐवजी अदलाबदल करून बघा. चित्रातली एक वस्तू मनातल्या मनात काढा, तिच्या जागी तिच्याच जातीची दुसरी ठेवा, आणि सगळ्या चित्राचा अर्थ हलतो का ते पाहा. हलला तर ती वस्तू कामाची. हलला नाही तर तिच्यावर परिच्छेद खर्च करू नका.

तांब्या आणि गूळ घ्या. त्या जागी चहाचा कप ठेवला तर चित्र मोडत नाही, पण एक गोष्ट जाते. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात. चहाचा कप बाईचा स्वतःचा असू शकतो, गूळ-पाणी मात्र दुसऱ्यासाठीच मांडलेलं असतं. म्हणजे कुणीतरी येणार हे घराला ठाऊक आहे. ‘वाट बघतंय’ हे मथळ्यातलं क्रियापद चित्रात या वाटीनं उभं केलं आहे.

मुलाचे स्पोर्ट्स शूज काढून त्याला अनवाणी करा. लगेच तो गावातलाच मुलगा होतो आणि जाहिरात कोसळते, कारण गावात राहणाऱ्याला गावातला प्लॉट कोण विकणार? शूज त्याला शहरातून आलेला ठरवतात. मंगलोरी कौलांच्या जागी सिमेंटचे पत्रे घाला, आजच्या कोकणात ते कितीतरी घरांवर आहेत. घर खरं वाटेल, पण ‘जुनं’ राहणार नाही. उलट पेटी उजवीकडून डावीकडे नेली तर काहीच बदलत नाही, तेव्हा पेटीच्या जागेवर लिहू नका.

सर्वांत मोठी अदलाबदल माणसांची. म्हातारीच्या जागी तरुण जोडपं बसवा. सहलीची जाहिरात झाली. मुलाच्या जागी त्याचे आईवडील धावत आणा. विचित्र दिसेल. आणि मूळ चित्रात नाहीच असा कोण आहे, तेही विचारा. म्हातारी आहे, नातवंडाच्या वयाचं मूल आहे, मधली पिढी नाही. तिशी-चाळिशीतलं कुणीच नाही. आता कॅमेऱ्याची नोंद आठवा: उभ्या माणसाची उंची, खळ्याची कड, आणि बाईची नजर थेट तिकडे. मधली पिढी चित्रात नाही कारण ती पेपर हातात धरून चित्र बघते आहे. मूल पुढे पळालं, मागून आईवडील येताहेत, आणि ते म्हणजे तुम्ही. ज्याच्या खिशात प्लॉटचे पैसे आहेत त्या वाचकासाठी ही जागा रिकामी ठेवली आहे. ती बाई आजी का वाटली याचं उत्तरही इथेच मिळतं.

शब्द याच पायरीवर तपासायचे. चित्राचे अनेक अर्थ होऊ शकतात. एकटी म्हातारी आणि शांत घर हे चित्र एकाकीपणाचंही असू शकतं. गावोगाव अशी घरं आहेत, त्यामुळे हा अर्थ दुरून ओढून आणलेला नाही. मथळा त्याच्यावर नांगर टाकतो. बार्थनं मजकुराच्या या कामाला नांगराचंच नाव दिलं आहे. ‘वाट बघतंय’ म्हटलं की एकाकीपण सरतं आणि स्वागत उरतं. मथळा झाकून जाहिरात दोघातिघांना दाखवा आणि त्यांना काय वाटलं ते लिहून घ्या, नांगराचं वजन कळेल.

आणि अर्थ कुणासाठी, हे प्रत्येक ठिकाणी लिहा. पांझानीच्या जाहिरातीतला ‘इटालियनपणा’ हा फ्रेंच माणसाच्या डोक्यातला आहे, खुद्द इटालियन माणसाला तो तसा जाणवणार नाही, असं बार्थ सांगतो. आपल्या जाहिरातीतला ‘कोकणीपणा’ही मुंबई-पुण्याच्या डोळ्यांसाठी तयार केलेला आहे.

तिसरं काम: मिथक

इथे बहुतेक निबंध घसरतात, आणि दोन बाजूंनी घसरतात. कुणी मिथक म्हणजे पुराणकथा समजून परशुरामानं समुद्र हटवल्याची गोष्ट घालतो. कुणी मिथक म्हणजे खोटेपणा समजून ‘जाहिरात फसवते’ असं ठोकून देतो. बार्थच्या अर्थानं मिथक यांपैकी काहीच नाही. इतिहासात, माणसांच्या निर्णयांतून घडलेली एखादी गोष्ट जेव्हा निसर्गतः तशीच आहे असं भासवलं जातं, तेव्हा ते मिथक. त्यात खोटं विधान असावंच लागत नाही. त्याचं गाजलेलं उदाहरण पॅरिस मॅच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचं आहे. फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णीय मुलगा सलाम करतो आहे. सलाम खरा, मुलगाही खरा. पण पूर्ण बनलेलं ते चित्र पुढच्या पातळीवर नुसतं साधन होतं आणि सांगतं की फ्रेंच साम्राज्य सगळ्यांचंच आहे. साम्राज्य कसं मिळवलं, हा प्रश्न त्यात उठतच नाही.

आपल्या जाहिरातीलाही तीन प्रश्न विचारा. काय नैसर्गिक म्हणून मांडलं आहे? त्यातून कुठला इतिहास गळला? आणि तो गळल्यानं कुणाचं काम सोपं झालं?

नैसर्गिक म्हणून मांडलंय ते असं: कोकण हे सगळ्यांचं मूळ घर आहे, ते आहे तसं थांबलेलं आहे, आणि तिथे जाणं म्हणजे परतणं आहे. चित्रातले दोन ऋतू आता अर्थपूर्ण होतात. आंबाही आणि हिरवळही असलेला महिना पंचांगात नसतो. तो काळाबाहेरच्या कोकणातला आहे. कौलांचंही तसंच. ती ‘पारंपरिक’ वाटतात, पण ही सपाट, साच्यातली कौलं कारखान्याची आहेत. बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात त्यांचा कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्यानं सगळीकडे पसरली. परदेशी मिशनऱ्यांच्या कारखान्यातला माल दीडशे वर्षांत ‘आपल्या मातीतला’ झाला. यात कुणी लबाडी केलेली नाही. मिथक असंच घडतं.

गळलेला इतिहास मधल्या पिढीचा आहे. ती चित्रात नाही आणि कोकणातल्या घरांतही कित्येक पिढ्या नव्हती. ती मुंबईला होती. गिरण्यांच्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा भरणा मोठा होता. गावात म्हातारी माणसं, बायका आणि मुलं, खर्चाला मुंबईहून येणारी मनीऑर्डर, आणि गणपतीला, शिमग्याला चाकरमान्यांचं येणं. १९८२ च्या संपानंतर तेही गणित विसकटलं. जमीन पुरत नव्हती, खोतीचा जाच होता, गावात रोजगार नव्हता, म्हणून माणसं गेली. जाहिरात तीच अनुपस्थिती उचलते, तिची कारणं काढून टाकते आणि उरलेली रिकामी जागा गिऱ्हाइकाला देते. माझ्या मते या जाहिरातीबद्दल सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती ‘माणसं किती आहेत’ या यादीतल्या साध्या नोंदीतून निघते.

कुणाचं काम सोपं झालं, हे बारीक अक्षरांत शोधा. ‘स्वतंत्र सातबारा’ हे आमिष का ठरतं? कारण कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या एका सातबाऱ्यावर चुलत-चुलत भावंडांची नावं रांगेनं असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही हयात नसलेली. ‘एनए’ का? कारण महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, बाकीच्यांना बिगरशेती झालेली लागते. म्हणजे वर ‘आपल्या मातीत’ आणि खाली ती माती कागदोपत्री शेती उरलेली नाही. आणि ‘केअरटेकरची सोय’ म्हणजे त्या घरात वर्षभर राहणार आहे तो पगारी माणूस, बहुधा याच गावातला. ‘परत या’ हे ज्याला उद्देशून आहे त्याचे वाडवडील इथले असतीलच असं नाही. परतण्याची भाषा वापरल्यामुळे खरेदी हा वारसा वाटतो. महारेराचा क्रमांक मात्र तिथे कायद्यानं छापावाच लागतो, आणि तो मुकाट्यानं सांगतो की हा व्यवहार आहे.

इथवर आलात की हात आखडता घ्या. जाहिरातीच्या वाचनातून तिचा अर्थ कसा रचला आहे हे कळतं. ती बनवणाऱ्याच्या मनात काय होतं किंवा वाचकांवर काय परिणाम झाला, हे कळत नाही. ‘जाहिरातदारानं मुद्दाम’ आणि ‘वाचक भुलतात’ हे दोन्ही प्रयोग निबंधातून काढा. देवगडचा वाचक हिरवळ बघून हसतोच की.

निबंध कसा रचायचा

दीड हजार शब्दांचा निबंध धरू. पहिला मोह तीन खोके करण्याचा असतो: आधी सगळा वाच्यार्थ, मग सगळा सूचितार्थ, शेवटी मिथक. त्यात म्हातारी तीनदा येते, कौलं तीनदा येतात, आणि मिथकाच्या विभागात पुरावा द्यायला जागा उरत नाही. परीक्षेत तसा साचा मागितला असेल तर पाळा. नाहीतर निबंध दाव्याभोवती रचा आणि तिन्ही पातळ्या प्रत्येक परिच्छेदात चढा.

दावा एका वाक्यात मांडा, आणि त्यावर वाद घालता आला पाहिजे. ‘ही जाहिरात कोकणच्या निसर्गाचा वापर करते’ हा दावा नव्हे, त्याला कोण नाही म्हणणार? असा चालेल: ‘स्थलांतरामुळे कोकणातल्या घरांत जी पिढी नाही, तिची जागा ही जाहिरात गिऱ्हाइकाला देऊ करते आणि जमिनीची खरेदी घरी परतण्यासारखी भासवते.’

सुरुवातीला शंभरेक शब्दांत जाहिरात कुठल्या पेपरात, कुठल्या तारखेला, कुठल्या पानावर आली ते आणि दावा. मग दीडशे-दोनशे शब्दांत वर्णन, वाचणाऱ्यानं चित्र पाहिलेलं नाही असं समजून. मधले हजारेक शब्द तीन गटांना: घर आणि ऋतू, माणसं आणि नजर, शब्द आणि बारीक अक्षरं. माणसांच्या गटाला सर्वांत जास्त जागा द्या, सगळ्यांना सारखी वाटू नका. पद्धतीची ओळख स्वतंत्र विभागात लांबवू नका. बार्थच्या चरित्रात दोनशे शब्द घालवलेला निबंध मी उघडतो तेव्हाच मला ठाऊक असतं की जाहिरात नीट बघितलेली नाही.

एक परिच्छेद नमुन्यादाखल:

‘पायरीवरची वृद्ध स्त्री धावत येणाऱ्या मुलाकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहते. कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर, खळ्याच्या कडेला आहे, त्यामुळे तिच्या नजरेसमोर वाचक येतो. तिच्या शेजारचं गूळ-पाणी हे पाहुण्यासाठी मांडलेलं असतं. त्याच्या जागी चहाचा कप असता तर येणाऱ्याची अपेक्षा सूचित झाली नसती. वृद्ध स्त्री आणि मूल यांच्यामधली पिढी चित्रात नाही, म्हणून वाचक स्वतःला त्या जागी ठेवू शकतो. कोकणातल्या अनेक घरांत ही पिढी रोजगारासाठी मुंबईला गेल्यामुळे नव्हती. जाहिरातीत त्या जाण्याचं कारण दिसत नाही, फक्त परतण्याचं आमंत्रण दिसतं.’

पहिली दोन वाक्यं दिसतं ते सांगतात, पुढची दोन सुचतं ते आणि अदलाबदलीची कसोटी. पाचवं चित्रातल्या अनुपस्थितीला वाचकाशी जोडतं, शेवटची दोन इतिहास आणि तो कसा गळला ते. ‘मिथक’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी मिथकाचं काम दिसतं. परिच्छेद लिहून झाला की चित्रातल्या वस्तूंची नावं अधोरेखित करा. तीनपेक्षा कमी निघाली तर तो परिच्छेद जाहिरातीवर नाही, तुमच्या मतांवर आहे.

शेवटचे दीड-दोनशे शब्द आधीचंच पुन्हा सांगण्यात घालवू नका. दाव्याला जिथे अडचण येते ती गोष्ट तिथे घ्या. या जाहिरातीत ती आहे: ‘छायाचित्र प्रातिनिधिक आहे.’ हे घर विकायला नाही, विकायला आहे तो मोकळा प्लॉट. जाहिरात स्वतःच हे कबूल करते, तरी चित्राचा जोर कमी होत नाही. कबुली समोर असूनही तो का टिकतो, यावर तुमचं मत मांडा. मग जाहिरातीची स्पष्ट प्रत, बारीक अक्षरं वाचता येतील इतक्या आकाराची, निबंधाला जोडा.